आधी ब्रेक, मग बॅटरी, शेवटी मोटर



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये गेलं. त्यामुळे इथे वायर, नट आणि वायसरबद्दल बोलायला मला संकोच वाटत नाही. साध्या सायकलला मोटर बसवायची असेल तर मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी पॅक कशाच्या आधारावर निवडायचे आणि त्यात धोका नेमका कुठे असतो, हा आजचा विषय आहे.

हे काम करू पाहणारी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात मोटरचं किट आधीच असतं. मोटर घेतली, तिच्यासोबत कंट्रोलर आला, आता उरलेल्या पैशांत बॅटरी सांगा, असं त्यांचं म्हणणं असतं. खरेदीचा हा क्रम उलटा आहे. निकृष्ट मोटर फार तर बंद पडते आणि माणूस पेडल मारत घरी येतो. निकृष्ट पॅक मात्र रात्री जिन्याखाली चार्जिंगला लावलेला असताना पेट घेऊ शकतो. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि त्यांत १८ माणसं गेली. त्यांतल्या पुष्कळ आगींचा संबंध विजेच्या सायकली आणि स्कूटरींशी होता. त्याच वर्षी सप्टेंबरपासून त्या शहरात अशा वाहनांना आणि त्यांच्या बॅटऱ्यांना सुरक्षा प्रमाणपत्राशिवाय विकायला बंदी झाली. आपल्याकडे २०२२च्या मार्चअखेरीस पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तिचं चित्रीकरण देशभर फिरलं. त्यानंतर मोठ्या विजेच्या वाहनांच्या बॅटरीसाठीचे चाचणीचे नियम कडक झाले. घरी जोडलेल्या सायकलच्या पॅकला मात्र तपासणारं कोणी नसतं. जो बांधतो किंवा विकत घेतो, त्यानंच तपासायचं असतं.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. कोथरूडला राहणारे एक गृहस्थ पाषाणच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला आहेत. पौड रस्त्यानं चांदणी चौकाचा चढ चढायचा, बावधनवरून पाषाणला उतरायचं आणि संध्याकाळी परत यायचं. जाऊन-येऊन वीस किलोमीटर धरू. सायकल पोलादी फ्रेमची, सव्वीस इंची चाकांची, मागे सात गिअर असलेली. गृहस्थ सत्तर किलोंचे, सायकल अठरा, किट आठ, डबा आणि पिशवी चार, म्हणजे एकूण शंभर किलो.

सपाट रस्त्यावर ताशी वीस किलोमीटर वेग ठेवायला या शंभर किलोंना चाकाशी साधारण १२० वॅट लागतात. पंचवीसचा वेग हवा असेल तर १९० वॅट. वेग पावपटीनं वाढला आणि वॅट दीडपटीहून अधिक झाले, कारण वेग वाढला की वाऱ्याचा विरोध झपाट्यानं वाढतो. आता चढ. पाच टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर. त्या चढावर ताशी बाराच्या वेगाला २१० वॅट लागतात. गृहस्थ पेडल मारून त्यांतले ऐंशी सहज देतात, मोटरनं द्यायचे उरले १३०. दहा टक्क्यांचा चढ असेल तर ताशी दहाच्या वेगालाही तीनशे वॅटच्या वर जातं, तिथे माणसानं चांगलाच जोर लावायला हवा. एवढ्या हिशोबावरून कळतं की या कामाला २५० वॅटची मोटर पुरते. हजार वॅटच्या किटची जाहिरात पाहून भुलणाऱ्यांनी हा हिशोब आपल्या रस्त्यासाठी एकदा कागदावर करून पाहावा.

२५० हा आकडा कायद्यातही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॅटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ते वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. पेडलला साथ देणारी सायकल असेल तर पंचवीसच्या वेगाला मोटरचा प्रवाह तुटला पाहिजे, बॅटरी सोडून वजन साठ किलोंच्या आत पाहिजे, ब्रेक नीट हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक हवा. या अटी पुऱ्या झाल्या की नाही हे तपासायचं काम नेमून दिलेल्या चाचणी संस्थांचं आहे, पुण्यातली एआरएआय ही त्यांतलीच एक. घरी बदललेल्या सायकलपाशी असं प्रमाणपत्र नसतं, हे ज्यानं त्यानं ध्यानात ठेवावं. पण ज्या मर्यादा घातल्यात त्या सायकलच्या हाडापेराला साजेशा आहेत, आणि त्या ओलांडल्या की गाडी विमा, नोंदणी, लायसन यांच्या कक्षेत जाते.

आता सायकलकडे वळू. मोटर यायच्या आधी ब्रेक. ताशी पंधरानं जाणाऱ्या शंभर किलोंपेक्षा ताशी पंचवीसनं जाणाऱ्या शंभर किलोंना थांबवायला पावणेतीनपट ऊर्जा जिरवावी लागते. जुन्या काळ्या सायकलींचे दांडीचे ब्रेक लोखंडी रिमवर चालतात आणि पावसात रिम ओली झाली की ते जवळजवळ धरतच नाहीत. तसली सायकल मी मोटरसाठी घेऊ नका म्हणून सांगतो. आमच्या गृहस्थांच्या सायकलला ॲल्युमिनियमच्या रिमा आणि व्ही ब्रेक आहेत. नव्या केबल आणि नवे ब्रेक शू टाकले की पुरे. किटबरोबर येणाऱ्या ब्रेक लिव्हरमध्ये बारीक स्विच असतो, लिव्हर दाबताच मोटरचा प्रवाह तुटतो. पुष्कळ जण आपले जुने लिव्हर चांगले आहेत म्हणून हे बसवत नाहीत. थ्रॉटल पावसाच्या पाण्यानं किंवा मातीनं अडकून उघडाच राहिला, तर हा स्विचच मोटर थांबवतो.

यानंतर चाकाच्या एक्सलची जागा. साध्या सायकलमध्ये एक्सल स्थिर असतो, त्याच्यावर फिरवणारं बळ येत नाही. हब मोटर मात्र चाकाला जितक्या जोरानं पुढे फिरवते तितक्याच जोरानं एक्सलला मागे फिरवू पाहते. ते पिळण्याचं बळ सगळं येतं एक्सलच्या दोन सपाट बाजूंवर. त्यांतलं अंतर फक्त दहा मिलिमीटर असतं. दहा टक्क्यांच्या चढाला मोटर एकटी ओढते असं धरलं, तर फ्रेमच्या खाचेच्या ओठांवर किमान साडेतीनशे किलोंचा रेटा येतो. खाच पसरली की एक्सल गरकन फिरतो, त्यातून बाहेर येणारी वायर पिळून तुटते आणि चाक निसटू शकतं. यावर उपाय टॉर्क आर्म. ही एक पोलादी पट्टी असते. तिचं भोक एक्सलच्या सपाट बाजूंवर घट्ट बसतं आणि दुसरं टोक फ्रेमच्या नळीला आवळतात. आधाराचं अंतर दहा मिलिमीटरवरून दहा सेंटिमीटरवर गेलं की तेच बळ पस्तीस किलोंवर येतं. पट्टी जितकी ढिली, तितकी निरुपयोगी. एक्सल हातभर पान्यानं हलवून पाहिला तर जरासुद्धा खेळ जाणवता कामा नये.

म्हणूनच मोटर पुढच्या चाकात की मागच्या, या प्रश्नाला माझं उत्तर मागच्या असं आहे. पुढच्या फोर्कची टोकं बारीक असतात, स्प्रिंगच्या फोर्कची तर बहुधा हलक्या ओतीव धातूची. पोलाद आधी वाकतं आणि इशारा देतं, ओतीव धातू एकदम तुटतो, आणि पुढचं चाक निसटलं तर सावरायला संधी मिळत नाही. मागची हब मोटर घेण्याआधी फ्रेमच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर मोजा. बहुतेक मागच्या मोटरींना १३५ मिलिमीटर लागतात. गिअरच्या सायकलींत ते साधारण मिळतं, जुन्या एकेरी सायकलींत बरंच कमी असतं. जॅक लावून फ्रेम फाकवून देणारे कारागीर भेटतात. त्यानं दोन्ही खाचा एकमेकींना समांतर राहत नाहीत आणि नट आवळला की एक्सल वाकतो. तिथे मोटर बदलावी किंवा सायकल बदलावी.

मोटरीबद्दल मी थोडक्यात बोलेन, कारण ती सोपी आहे. हब मोटर दोन तऱ्हेच्या. एकीत आतला फिरता भाग आणि चाक एकाच गतीनं फिरतात, ती जड असते आणि पेडल मारताना ओढ देते. दुसरीत आत छोटे दाते असतात, मोटर चाकाच्या कित्येक पट वेगानं फिरते आणि एकाच दिशेनं धरणारा क्लच असल्यामुळे बंद असताना चाक मोकळं सुटतं. चढाच्या शहरी रस्त्याला ही दुसरी बरी. तिचे दाते बहुधा नायलॉनचे असतात, हे मात्र लक्षात राहू द्या, पुढे त्याचं काम पडेल. खरेदी करताना वॅटच्या बरोबरीनं फेरे विचारा. सव्वीस इंची चाकाचा घेर दोन मीटरहून थोडा जास्त, साधारण २.०५ मीटर. ताशी पंचवीसला ते मिनिटाला सुमारे दोनशे फेरे घेतं. ३६ व्होल्टला दोनशेच्या आसपास फेरे देणारी मोटर घेतली की वेगाची मर्यादा मोटरच्या गुंडाळीतच येते, सेटिंगमध्ये कोणी बोटं घातली तरी गाडी फार पळत नाही.

आता बॅटरी. इथे मला वेळ द्यायचा आहे.

पॅक किती मोठा हवा, हे रोजच्या अंतरावरून ठरतं. आमच्या गृहस्थांनी थोडं पेडल मारलं, सिग्नलला थांबले, चढ चढले, तर दर किलोमीटरला १२ वॅट-तास धरणं सुरक्षित आहे. वीस किलोमीटरला २४० झाले. पण पॅक रोज तळापर्यंत उपसायचा नसतो, ऐंशी टक्केच वापरायचा. आणि वर्षं जातील तशी त्याची धारणा वीस टक्क्यांनी तरी कमी होणार, तीही आजच धरून ठेवायची. २४० ला ०.८ नं दोनदा भागलं की ३७५ वॅट-तास येतात. ३६ व्होल्टचा, दहा-साडेदहा अँपिअर-तासांचा पॅक म्हणजे नेमका एवढाच.

असा पॅक बांधायचे दोन मार्ग आहेत. एक, १८६५० या मापाचे निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल. नावातच माप आहे, व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५. प्रत्येकी २.६ अँपिअर-तासाचे चार सेल शेजारी जोडून एक गट, असे दहा गट एकामागोमाग, म्हणजे चाळीस सेल. पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट. नुसत्या सेलचं वजन दोन किलोंच्या आत. दुसरा मार्ग लिथियम आयर्न फॉस्फेटचा, व्यवहारात त्याला एलएफपी म्हणतात. ३२७०० मापाचे सहा अँपिअर-तासांचे दोन सेल शेजारी, असे बारा गट, चोवीस सेल. भरल्यावर ४३.८ व्होल्ट, सेलचं वजन साडेतीन किलोंच्या आसपास, पण धारणा साडेचारशे वॅट-तासांच्या वर.

मी एलएफपी घ्यायला सांगतो आणि कारणही सांगतो. लिथियमच्या सेलमध्ये आग लागते ती अशी. आत कुठेतरी शॉर्ट होतो किंवा सेल मर्यादेबाहेर भरला जातो, तापमान वाढतं, त्या उष्णतेनं आतली रसायनं विघटित होऊ लागतात आणि ते विघटन स्वतःच आणखी उष्णता देतं. एका टप्प्यानंतर बाहेरून काही करून ते थांबत नाही, आणि शेजारच्या सेलला त्याची झळ लागून तोही त्याच वाटेनं जातो. निकेल-कोबाल्टच्या सेलमध्ये तापलेल्या धनाग्रातून ऑक्सिजनही सुटतो. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, तो सहज सुटत नाही. त्यामुळे हा टप्पा जास्त तापमानाला येतो आणि आला तरी उष्णता कमी निघते. एलएफपी पेटतच नाही असं दुकानदार सांगतात, ते खरं नाही. त्यातून निघणारे वायूही ज्वलनशील असतात. पण विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलला दीड-दोन किलो जास्त वजनाच्या बदल्यात ही सवड मिळत असेल तर ती घ्यावी.

निकेल-कोबाल्टचाच पॅक घ्यायचा असेल तर चार सेलच्या जागी तीनचा गट घेऊन पैसे वाचवायचा मोह होतो. कंट्रोलर पंधरा अँपिअर ओढत असेल तर चार सेलच्या गटात प्रत्येकावर पावणेचार अँपिअर येतात, तीनच्या गटात पाच. २.६ अँपिअर-तासाच्या पुष्कळ सेलची सततची मर्यादाच पाचच्या आसपास असते. सेल मर्यादेला टेकून चालवला की तो दर चढाला तापतो आणि लवकर म्हातारा होतो.

सेल खरे आहेत का, हे कसं ओळखायचं? १८६५० मापाच्या सेलवर ९९०० मिलीअँपिअर-तास असं छापलेलं दिसलं तर तो खोटा आहे, कारण या मापात साडेतीन हजारांच्या आसपासच मजल जाते. वजन काट्यावर टाका. चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो, तीस-पस्तीसचा निघाला तर आत पदार्थच कमी भरलाय. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नव्या वेष्टनात विकले जातात. त्यांची धारणा मोजून दाखवली तरी प्रत्येकाचं आतलं वय वेगळं असतं, आणि एकत्र बांधले की कमकुवत गट आधी रिकामा आणि आधी भरलेला होत राहतो. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सेलवर किंवा पॅकवर आहे का, हेही पाहा.

घरी पॅक बांधायचा असेल तर दोन गोष्टी. सेलच्या टोकाला सोल्डरिंगची इस्त्री लावू नका, उष्णतेनं आतलं सील आणि पडदा बिघडतो. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं जोडायच्या. पट्टी शुद्ध निकेलची की निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची, हे कानशीनं घासून मिठाच्या पाण्यात ठेवली की एक-दोन दिवसांत गंजावरून कळतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १८६५० चा संपूर्ण पत्रा म्हणजे ऋण टोक असतं, अगदी वरच्या धन टोपीच्या कडेपर्यंत. दोहोंमध्ये असतं ते नखभर वेष्टन. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पट्टीची धार ते वेष्टन कापते आणि शॉर्ट होतो. म्हणून प्रत्येक धन टोकावर इन्सुलेशन कागदाची चकती चिकटवायची, सेल प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये बसवायचे, नुसते गोंदानं चिकटवायचे नाहीत. हे हातानं करून पाहिलेलं नसेल, तर तयार पॅक घ्या. वर्कशॉपमध्ये वाढलेल्या माणसाचा हा सल्ला आहे, यात कमीपणा मानू नका.

पॅकच्या आत बीएमएस नावाची पट्टी असते. एखादा गट जास्त भरला, जास्त रिकामा झाला, प्रवाह जास्त झाला की ती पॅक तोडते. लोक तिच्यावर नको तितका भरवसा ठेवतात. सेलच्या पोटात होणारा शॉर्ट तिला थांबवता येत नाही. तापमान तिला कळतं ते सेन्सर लावलेला असेल तरच, आणि तोही फक्त ज्या सेलपाशी चिकटवलाय तिथलं. बीएमएस ही शेवटची कडी आहे, रोजचं नियंत्रण कंट्रोलरनं आणि चार्जरनं करायचं. पॅकची तब्येत पाहायची असेल तर पूर्ण भरून तासभर ठेवा आणि बॅलन्सच्या बारीक वायरींवर मल्टिमीटर लावून प्रत्येक गटाचा व्होल्ट लिहून काढा. निकेल-कोबाल्टच्या पॅकमध्ये सगळे ०.०५ व्होल्टच्या आत असतील तर ठीक. एकच गट दर वेळी मागे पडत असेल आणि सायकल नुसती उभी असतानाही आठवडाभरात आणखी खाली जात असेल, तर त्याच्या आत कुठेतरी गळती आहे. असा पॅक पुन्हा पुन्हा भरून चालवायचा नाही, तो बाजूला काढायचा. फॉस्फेटच्या सेलचा व्होल्ट भरल्यावर झपाट्यानं उतरतो आणि मग स्थिरावतो, म्हणून तिथे लगेचच्या आकड्यांवरून घाबरू नये. काही दिवस उभा ठेवून मग कोण खाली गेलं ते पाहावं.

बॅटरी ठरली की कंट्रोलर तिच्या मागून येतो. मोटरच्या वॅटपेक्षा कंट्रोलरचे अँपिअर खरं बोलतात. मोटरवर २५० लिहिलेलं असतं, तितकी ताकद ती न तापता सतत देऊ शकते म्हणून. पंधरा अँपिअरचा कंट्रोलर बॅटरीतून ३६ व्होल्टला ५४० वॅट ओढू शकतो. आपल्या गृहस्थांनी पेडल सोडून पाच टक्क्यांचा चढ मोटरवरच चढायचा म्हटलं तरी बॅटरीतून नऊ अँपिअरच्या आसपास लागतात. म्हणून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये प्रवाह बारावर बांधून टाका. चढाला फरक पडत नाही, सेलवरचा ताण मात्र कमी होतो. व्होल्ट कमी झाला की थांबायची कंट्रोलरची पातळी ३६ च्या किटमध्ये ३१ च्या आसपास असते. दहा गटांच्या निकेल-कोबाल्टलाही आणि बारा गटांच्या फॉस्फेटलाही ती जुळते.

कंट्रोलरच्या आत जाड तारेचा एक तुकडा असतो, त्याला शंट म्हणतात. त्यावर पडणारा व्होल्ट मोजून कंट्रोलर प्रवाहाचा अंदाज घेतो. काही हुशार मंडळी त्यावर कथील चढवतात. रोध कमी होतो, कंट्रोलरला प्रवाह खऱ्यापेक्षा कमी वाटतो आणि तो वीस-पंचवीस अँपिअर सोडू लागतो. गाडी आठवडाभर तुफान पळते. मग नायलॉनच्या दात्यांचे तुकडे होतात, किंवा कंट्रोलरमधले ट्रान्झिस्टर जळतात. हे स्वस्तातलं नुकसान. महागातलं नुकसान पॅकमध्ये चाललेलं असतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

प्रवाहाचं वायरशी नातं सांगताना मला ऑग्डेन बोल्टन आठवतो. या अमेरिकन माणसाला मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचं पेटंट १८९५ च्या डिसेंबरात मिळालं. त्याची बॅटरी दहा व्होल्टची होती आणि मोटर शंभर अँपिअरपर्यंत ओढू शकत होती. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. पंधरा अँपिअरच्या तुलनेत शंभर अँपिअरला तीच वायर चव्वेचाळीसपट तापते. ३६ व्होल्टमुळे आपलं काम अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीवर भागतं. जोड मात्र चांगल्या दर्जाच्या कनेक्टरनं करा, पिळून टेप गुंडाळलेला नको. जोड हाताला गरम लागत असेल तर तो ढिला आहे.

फ्यूज हवाच, आणि तो पॅकच्या धन टोकाला जितका चिकटून तितका बरा. वीस अँपिअरचा पुरे. इथे एक बारकावा हमखास सुटतो. मोटारीचे रंगीत पात्याचे फ्यूज साधारण ३२ व्होल्टसाठी असतात आणि आपला पॅक भरलेला असताना ४२ च्या वर असतो. डीसी प्रवाह तुटताना ठिणगीची कमान तयार होते, कमी व्होल्टच्या फ्यूजमध्ये ती विझेलच असं नाही. ५८ व्होल्ट डीसी किंवा त्याहून अधिक असं लिहिलेला फ्यूज शोधून घ्या. घरातला एसीचा एमसीबी इथे चालत नाही, त्याचंही कारण हेच.

चार्जरची चूक सगळ्यांत सहज होते. दहा गटांच्या पॅकला ४२ व्होल्टचा, बारा गटांच्या फॉस्फेटला ४३.८ चा, आणि तेरा गटांच्या ४८ व्होल्टवाल्या पॅकला ५४.६ चा चार्जर लागतो. पिना मात्र पुष्कळदा सारख्याच असतात. घरात दोन गाड्या असतील तर दोन वेगळ्या घडणीच्या पिना बसवून घ्या, रंगीत टेप लावून भागवू नका. नवा चार्जर आला की पॅकला लावण्याआधी मल्टिमीटरवर त्याचा व्होल्ट पाहा. दोन अँपिअरचा चार्जर पाच-सहा तास घेतो, रोजच्या वापराला तो छान. बहुतेक सेलना शून्य ते ४५ अंशांच्या बाहेर चार्ज करू नये असं बनवणारेच सांगतात. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी घरी आल्यावर पॅकचं तापमान त्याच्या वरच असणार. तासभर सावलीत निवू द्या, मग लावा. आणि चार्जिंगची जागा दारात किंवा जिन्याखाली नको, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

चार्ज होताना गोडसर, थिनरसारखा वास आला, फुसफुस ऐकू आली किंवा स्वस्थ पडलेला पॅक गरम लागला, तर पॅक उचलून पाहत बसू नका. मेन स्विच जवळ असेल तर बंद करा, माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. वाळू किंवा कोरडी पावडर ज्वाळा दाबते, आतली उष्णता काढत नाही. ते काम भरपूर पाण्याचं आहे आणि ते अग्निशमन दलावर सोडावं.

जोडणी झाल्यावर पहिला दिवस तपासणीचा. चाक अधांतरी ठेवून मोटर फिरवा. सुरुवातीला ती धडधडत, अडखळत असेल तर हॉल सेन्सरच्या पाच बारीक वायरींपैकी एखादी पिन बसलेली नसते. बंद मोटरचं चाक उलट फिरवताना अडकत असेल तर तीन जाड वायरी काढून पुन्हा फिरवा. अडक गेली तर दोष कंट्रोलरमध्ये, राहिली तर मोटरच्या वायरीत, बहुधा एक्सलपाशी चेचलेल्या. त्या वायरीला एक्सलच्या खाली झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून गळून जातं, मोटरमध्ये शिरत नाही. पहिल्या काही फेऱ्यांनंतर एक्सलचे नट आणि टॉर्क आर्म पुन्हा आवळा, कारण नवी वायसरं बसताना थोडी दबतात. त्या नटाला लागणारा अठराचा किंवा एकोणीसचा पाना पिशवीत ठेवा. मागचं चाक पंक्चर झालं तर दुकानदाराकडे तो असेलच असं नाही, आणि चाक काढण्याआधी मोटरचा कनेक्टर सोडवायचा असतो हे त्याला आपणच सांगायचं.

पॅक थकला की भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून खरेदीचं बिल जपून ठेवा. देण्याआधी पॅक मोटरवरच चालवून कंट्रोलर तोडेपर्यंत रिकामा करा, टोकांना टेप लावा आणि नेईपर्यंत तो घराबाहेर, पाण्यापासून दूर ठेवा.